दहा फुटी खिडकी: रॉड लावायचा, ट्रॅक की रोमन ब्लाइंड, आणि ब्रॅकेट किती अंतरावर

गेली बरीच वर्षं ठाण्यात पडद्यांच्या फिटिंगचं काम करतोय आणि सगळ्यात जास्त फोन दोनच तक्रारींचे येतात, की "रॉड मधून वाकलाय" नाहीतर "ब्रॅकेट भिंतीतून बाहेर आलंय". दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं, खिडकी मोठी आणि फिटिंग मात्र बेडरूमच्या चार फुटी खिडकीसारखं. चार फुटी खिडकीला काहीही चालतं हो, दोन ब्रॅकेट ठोकले की काम झालं. पण आठ-दहा फुटाच्या पुढे गेलं की हिशेब बदलतो, आणि किती बदलतो ते बहुतेकांना माहीत नसतं, फिटिंगवाल्यांनाही.

म्हणून एकच खिडकी घेऊन सगळं सांगतो. गेल्या पावसाळ्यात एका काकूंच्या हॉलचं काम केलं. बिल्डिंग पंचवीसेक वर्षं जुनी, विटांच्या भिंती, तीन शटरची स्लायडिंग खिडकी, फ्रेमची रुंदी बरोबर १२० इंच, खिडकीचा वरचा काठ जमिनीपासून ८४ इंचावर. जुना रॉड दोनच ब्रॅकेटवर होता आणि मध्ये सरळसरळ दोन बोटं खाली आला होता. पडदे ओढले की सगळ्या रिंगा घसरून मध्ये गोळा व्हायच्या. काकू म्हणाल्या, "अरे, रॉड हलका दिलाय मेल्यानं, जाड रॉड लाव." रॉड बघितला तर तो बरा होता, एक इंची स्टीलचा. चूक रॉडची नव्हती, मध्ये आधार नव्हता ही होती.

आधी वजन काढा

दुकानात रॉड बघायला जायच्या आधी पडद्याचं वजन काढायचं, पाच मिनिटांचं काम आहे. कापडावर जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममध्ये वजन. लिहिलेलं नसेल तर दुकानदाराला विचारा, त्यालाही माहीत नसेल तर एक मीटर कापड किराणावाल्याच्या काट्यावर ठेवा आणि ग्रॅममधलं वजन कापडाच्या मीटरमधल्या पन्ह्याने भागा.

काकूंच्या खिडकीचा हिशेब असा. रॉड खिडकीच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच बाहेर काढायचा होता, म्हणजे पडदा उघडल्यावर काच फारशी झाकत नाही, तेव्हा रॉड झाला १३६ इंच. पडद्याला चुण्या नीट पडायला कापड रॉडच्या दुप्पट तरी लागतं. ५४ इंच पन्ह्याचं कापड, तर पाच पट्टे घेतले असते तर दुपटीच्या जरा खाली आणि दोन बाजूंना अडीच-अडीच असा विचित्र हिशेब, म्हणून सहा घेतले, तीन डावीकडे तीन उजवीकडे. तयार लांबी ८८ इंच, वर-खाली दुमडायला १२ इंच धरून प्रत्येक पट्टा १०० इंच कापला. मीटरमध्ये सांगायचं तर एक पट्टा साडेतीन चौरस मीटरच्या आसपास, सहा पट्टे म्हणजे जवळजवळ २१ चौरस मीटर. कापड ३०० जीएसएमचं होतं, म्हणजे सव्वासहा किलो. अस्तर १२० जीएसएमचं, म्हणजे अडीच किलो. आयलेटच्या रिंगा, दोरा, धरून नऊ किलो. पडदा धुऊन ओलाच परत टांगायची सवय असेल तर अजून जास्त, पण ते सोडा.

रॉडचं स्वतःचं वजन पण असतं. एक इंची स्टीलचा पाइप, भिंत एक एमएमची, मीटरला साधारण सहाशे ग्रॅम, म्हणजे आपला साडेतीन मीटरचा रॉड दोन किलोच्या वर. एकूण अकरा किलो. आतल्या पातळ नेटच्या पडद्याचे दोन किलो आणि त्याचा वेगळा रॉड हे अजून बाजूला.

मधलं ब्रॅकेट काय करतं

आता गंमत बघा. पाइप किती वाकतो हे आधारामधल्या अंतरावर अवलंबून असतं, आणि साधं दुप्पट-तिप्पट नाही. अंतर दुप्पट केलं की वाक सोळापट होतो. अंतराचा चौथा घात लागतो त्यात. काकूंचे दोन ब्रॅकेट १३० इंचावर होते, म्हणजे ३.३ मीटर. हिशेब केला तर एवढ्या वजनाला पाइप मध्ये जवळपास साडेचार सेंटीमीटर खाली यायला पाहिजे आणि तेवढाच आला होता. मध्ये एक ब्रॅकेट टाकलं की अंतर झालं ६५ इंच आणि वाक उतरला तीन एमएमवर, जो डोळ्याला दिसतच नाही. तोच रॉड, तेच पडदे.

म्हणून माझा नियम असा, एक इंची चांगल्या स्टीलच्या रॉडवर अस्तराचा जड पडदा असेल तर दोन ब्रॅकेटमध्ये साडेपाच फुटाच्या वर जायचं नाही. पाऊण इंची रॉड असेल तर चार फूट, आणि नुसतं नेट असेल तर एक इंचीला सहा-साडेसहा फूटही चालून जातं. पाइपची भिंत किती जाड हे बघायला टोकाचं नॉब काढून आत बघा. बाजारात अर्ध्या एमएमच्या आसपासचा पाइपही एक इंची म्हणूनच विकला जातो, बाहेरून सारखाच दिसतो, हातात घेतला की पिसासारखा लागतो. तो असेल तर वरच्या अंतरातून एक फूट कमी करा.

स्टीलवरून आठवलं, लोक लोहचुंबक घेऊन येतात, चिकटला नाही म्हणजे ३०४ ग्रेड, गंजाला टिकणारं चांगलं स्टील. तसं नाही. २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही, आणि समुद्राजवळ दोन पावसाळ्यांत तपकिरी ठिपके त्यालाच येतात. चुंबकाने फार तर साधं लोखंड पकडता येतं. बिलावर ग्रेड लिहून घ्या, तेवढंच हातात असतं.

मधल्या ब्रॅकेटची एक अडचण मात्र आहे आणि रॉड घ्यायचा की ट्रॅक हे त्यावरच ठरतं. आयलेटची रिंग बंद असते, ती मधल्या ब्रॅकेटवरून पलीकडे जात नाही. म्हणजे डावीकडचा पडदा डावीकडेच राहणार, उजवीकडचा उजवीकडे. हॉलच्या खिडकीला हे चालतं, पडदे मध्ये येऊन भेटतात आणि ब्रॅकेट तिथेच लपतं. पण सगळा पडदा एकाच बाजूला सरकवायचा असेल, किंवा खिडकी चौदा-पंधरा फुटी असेल आणि दोन मधली ब्रॅकेट लागत असतील, तर आयलेट आणि रॉड विसरा. मधल्या भागातला पडदा दोन ब्रॅकेटांच्या मध्ये अडकून बसेल, उघडणारच नाही. तोंड उघडी असलेल्या रिंगा आणि त्यांना जाऊ देणारं खास ब्रॅकेट मिळतं, पण मला ते प्रकरण जड पडद्याला कधी पटलं नाही, दर चौथ्या वेळी रिंग अडते आणि मग लोक हिसका देतात. अकरा-साडेअकरा फुटापर्यंत रॉड, त्यापुढे ट्रॅक, एवढं लक्षात ठेवा.

ब्रॅकेटवर ओढ किती येते

पडदा बंद असतो तेव्हा मधल्या ब्रॅकेटवर निम्मं वजन असतं, आपल्या हिशेबात साडेपाच किलो, आणि टोकाच्या दोघांवर पाव-पाव. पडदा उघडला की उलटं होतं, सगळं कापड दोन टोकांना गोळा होतं आणि टोकाच्या प्रत्येक ब्रॅकेटवर पाच किलोच्या आसपास येतं. म्हणजे तिघांपैकी कुणालाही कमजोर ठेवून चालत नाही. बरेच जण मधलं ब्रॅकेट एका स्क्रूवर लावतात, "ते नुसतं आधाराला आहे" म्हणून. पडदा बंद असला की सगळ्यात जास्त भार त्याच्यावरच असतो.

आणि साडेपाच किलो हा काही खरा आकडा नाही. ब्रॅकेट भिंतीपासून बाहेर आलेलं असतं, म्हणजे ते तरफेसारखं काम करतं, खालचा काठ भिंतीवर टेकतो आणि वरचा स्क्रू बाहेर ओढला जातो. काकूंकडे डबल ब्रॅकेट होतं, मागे नेट, पुढे जड पडदा, पुढचा रॉड भिंतीपासून १५ सेंटीमीटरवर. ब्रॅकेटच्या पाठीची पट्टी छोटी, वरचा स्क्रू खालच्या काठापासून चारच सेंटीमीटर वर. मग ओढ किती, तर साडेपाच गुणिले पंधरा भागिले चार, म्हणजे वीस किलो. नातवाने पडद्याला लोंबकळून अजून पंधरा किलो घातले की ७५ च्या पुढे जातं. एवढी ओढ नुसतं प्लास्टर धरू शकत नाही, ते पेढ्यासारखं फुटून येतं.

म्हणून ब्रॅकेट घेताना मी पितळी दिसतंय की काळं, हे शेवटी बघतो, आधी पाठीची पट्टी किती उंच आहे ते बघतो. पट्टी आठ सेंटीमीटरची मिळाली की ओढ निम्मी होते, पैसे न वाढवता. आणि पुढचा रॉड गरजेपेक्षा बाहेर काढायचा नाही. पडद्याची चुणी आणि मागचं नेट एकमेकांना घासत नाहीत एवढं अंतर पुरे.

भिंत काय आहे ते ड्रिल सांगतं

काकूंची भिंत बघायला पहिलं भोक पाडलं तेव्हा आधी करडी, वाळूसारखी रेघ पडली, ते प्लास्टर. अर्ध्या-पाऊण इंचानंतर भुकटी लाल झाली, म्हणजे वीट. हे बघायची सवय लावा, ड्रिलखाली दुमडलेला कागद चिकटवला की भुकटी त्यात पडते आणि सोफाही खराब होत नाही. लाल भुकटी म्हणजे वीट. बारीक करडी आणि ड्रिल हळू जातंय, हाताला झिणझिण्या, म्हणजे काँक्रीट. पांढरट, पिठासारखी भुसभुशीत आणि बिट केकमध्ये सुरी जावी तसा आत गेला, तर तो हलका ब्लॉक, ज्याला एएसी म्हणतात. पांढरी भुकटी आणि पाऊण इंचानंतर एकदम पोकळ, तर ते पीओपी किंवा जिप्सम, तिथे थांबा.

जुन्या बिल्डिंगमध्ये खिडकीच्या वर काँक्रीटचं लिंटेल, म्हणजे आडवी तुळई असते, पाच-सहा इंच उंच, आणि खिडकीच्या दोन्ही बाजूंना साधारण चार इंच आत भिंतीवर टेकलेली. म्हणजे मधलं ब्रॅकेट लिंटेलमध्ये बसतं आणि टोकाची दोन, जर रॉड आठ इंच बाहेर काढला, तर विटेत. तीन ब्रॅकेट, दोन वेगळ्या भिंती, हे ध्यानात घ्यावं लागतं. बऱ्याच नवीन टॉवरमध्ये सगळंच काँक्रीटचं असतं, तिथे पकड उत्तम पण साध्या ड्रिलने घाम निघतो, हॅमर मशीनच पाहिजे. भोक पाडताना बिट अचानक थांबला आणि चकचकीत लोखंडाची भुकटी आली तर आत सळई आहे, जोर लावू नका, दोन सेंटीमीटर बाजूला सरका.

वीट आणि काँक्रीटला मी भोकात स्क्रू धरून ठेवणारी ८ एमएमची नायलॉनची गिट्टी आणि अडीच इंची दहा नंबरचा स्क्रू वापरतो. भोक पावणेतीन इंच खोल, बिटवर टेप गुंडाळून खूण करायची. भोकातली भुकटी फुंकून किंवा पंपाने काढायची, नाहीतर गिट्टी अर्धीच जाते. आणि गिट्टी प्लास्टरच्या पातळीला ठेवायची नाही, स्क्रूच्या टोकाने अजून आत ढकलायची, म्हणजे ती विटेत फुगते, प्लास्टरमध्ये नाही. काकूंच्या जुन्या ब्रॅकेटमधून निघालेला स्क्रू एक इंचाचा होता, त्यातला अर्ध्याहून जास्त प्लास्टरमध्ये. ब्रॅकेटबरोबर पाकिटात येतो तो स्क्रू हाच असतो, तो मी थेट डब्यात टाकतो. मात्र ब्रॅकेटचं भोक दहा नंबरला पुरतंय का ते आधी बघा, काही ब्रॅकेटांना भोक मोठं करून घ्यावं लागतं.

एएसी ब्लॉकला साधी गिट्टी चालत नाही, फिरवली की सगळं पीठ होतं. हॅमर बंद ठेवून भोक पाडायचं आणि ब्लॉकसाठीच मिळणारी जाड आट्यांची गिट्टी वापरायची. विटेत भोक चुकून दोन विटांच्या सांध्यात आलं तर ते पण ढिलं लागतं, अर्धा इंच वर-खाली घ्या. आणि खिडकीच्या बाजूला एसीचा पॉइंट असेल तर त्याच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडू नका, वायर तिथूनच गेलेली असते.

रॉड बसवायचा क्रम

पहिल्यांदा मधली खूण. खिडकीच्या फ्रेमचा मध्य काढायचा, भिंतीचा नाही. मग उंची. काकूंकडे फ्रेमच्या वर सहा इंच, म्हणजे जमिनीपासून ९० इंच ठेवली असती, पण तिथे लिंटेल संपत होतं आणि वरचा स्क्रू वीट-काँक्रीटच्या बरोबर सांध्यात येत होता, म्हणून मी दोन इंच खाली घेतलं आणि ब्रॅकेटचा रॉडचा गळा थोडा वर असलेला मॉडेल निवडला. तयार पडदा शिवायच्या आधी हे ठरवा, नाहीतर पडदा जमिनीवर लोळतो.

टोकाची ब्रॅकेट रॉडच्या टोकापासून तीन इंच आत. शेवटची एक रिंग ब्रॅकेटच्या बाहेर, नॉबच्या आत राहू द्यायची, म्हणजे पडदा ओढला तरी त्याची बाहेरची कड जागची हलत नाही आणि बाजूने उजेड येत नाही. आता दोन टोकांच्या खुणांमध्ये दोरा ताणून बांधा आणि मधली खूण त्याला लावा. दहा फुटावर लेव्हलची छोटी बाटली फसवते, एक फुटी बाटलीवर बुडबुडा जरासा सरकला तर टोकाला सेंटीमीटरभर फरक पडतो. माझ्याकडे लेझर आहे, नसेल तर पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी करतात तसं करा, ते सहसा चुकत नाही. एक मात्र, खिडकीची फ्रेमच तिरकी असेल तर लेव्हलवर बसवलेला रॉड तिरका दिसतो. अर्धा सेंटीमीटरपर्यंत असेल तर मी लेव्हल सोडून फ्रेमला समांतर लावतो, लोक फ्रेमच बघतात.

मग तिन्ही ब्रॅकेट, पण स्क्रू आधी तीन-चतुर्थांशच कसायचे. रॉड ठेवून बघा, मधल्या ब्रॅकेटवर तो टेकलाय की हवेत आहे. हवेत असेल तर ते नुसतं शोभेचं आहे, वर सरकवा. बारा फुटी पाइप बऱ्याच लिफ्टमध्ये मावत नाही म्हणून तो कापून आत जोड घालतात. तो जोड बरोबर मधल्या ब्रॅकेटच्या गळ्यात आला पाहिजे. जोड एक फूट इकडे-तिकडे असेल तर तिथेच रॉड मोडल्यासारखा दिसतो आणि रिंगा अडतात. शेवटी स्क्रू कसा, पडदे लावा, ब्रॅकेटचा छोटा स्क्रू रॉडवर घट्ट करा, म्हणजे पाइप फिरत नाही.

ट्रॅक कधी

काकूंच्या पुतण्याच्या नव्या घरी चौदा फुटी खिडकी होती, तिथे ट्रॅकच. ॲल्युमिनियमचं चॅनेल छताला स्क्रूने लागतं, आत रनर, रनरला हुक, हुकाला प्लीटवाला पडदा. आधार चॅनेलच्या वर असतो त्यामुळे पडद्याला काही आडवं येत नाही, पाहिजे तिकडे सरकवा. ओढही सरळ खाली, तरफ वगैरे काही नाही.

स्क्रूचं अंतर नेटला दोन फूट चालतं, जड पडद्याला मी सोळा-अठरा इंच ठेवतो. पण सारखं अंतर ठेवून भागत नाही. पडदा उघडला की नऊ-दहा किलोचं कापड दोन्ही टोकांच्या सव्वा फुटात गोळा होतं आणि तिथल्या एक-दोन स्क्रूंवर लटकतं. म्हणून पहिला स्क्रू टोकापासून दोन-तीन इंचावर आणि पुढचे दोन फुटात दर दहा-बारा इंचाला एक. चॅनेलला जोड असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन इंचात एकेक स्क्रू, आणि कापलेली कड कानसने घासून घ्या. रनर अडतो तो नेहमी तिथेच. बोट आत घालून फिरवा, नख अडकलं तर रनर पण अडकणार.

पुतण्याकडे फॉल्स सीलिंग झालेलं होतं आणि वर नुसता जिप्समचा बोर्ड. कारागीर म्हणाला छत्रीवाली गिट्टी टाकू. नेटला चाललं असतं. जड पडद्याला नाही, कारण रोज ओढाताण होते आणि बोर्डातलं भोक हळूहळू मोठं होत जातं, सहा महिन्यांनी चॅनेल एका बाजूने लोंबायला लागतं. मग बोर्ड एक फूट कापून आत १८ एमएम प्लायची पट्टी स्लॅबला धरून टाकली आणि पुन्हा बंद केलं, धूळ आणि खर्च दोन्ही झाले. सीलिंग व्हायच्या आधी सांगितलं असतं तर पाचशे रुपयांच्या प्लायमध्ये काम झालं असतं. घराचं काम चालू असेल तर आत्ताच कारागिराला सांगून ठेवा, खिडकीसमोर सहा-आठ इंच रुंद प्लाय. ट्रॅक भिंतीपासून चार इंच तरी पुढे पाहिजे, नाहीतर चुण्या खिडकीच्या हँडलला घासतात, आणि दुसरा ट्रॅक त्याच्यापुढे अजून चार इंच, मग प्लायही तेवढी रुंद.

रोमन ब्लाइंड रुंद खिडकीला

काकूंच्या सुनेला रोमन ब्लाइंड, म्हणजे घड्या पडत वर जाणारा सपाट पडदा पाहिजे होता, एका अखंड कापडाचा. दिसायला सुंदर दिसतं, फोटोत. वजनाला ते काही भारी नाही, चुण्या नसतात ना, दहा फुटी असलं तरी तीन-सव्वातीन किलोत बसतं. अडचण वेगळी आहे. वरच्या पट्टीत एक लांब दांडी फिरते, तिच्यावर दर चौदा-सोळा इंचाला दोरीची रीळ असते आणि साखळी ओढली की सगळ्या दोऱ्या एकसाथ गुंडाळल्या जातात. दहा फुटात अशा आठ-नऊ दोऱ्या. साखळी एका टोकाला, त्यामुळे दांडीला पीळ बसतो आणि लांबचं टोक मागे राहतं, एखादी दोरी स्वतःवर चढून गुंडाळली की ती बाजू वर. महिन्याभरात ब्लाइंड तिरकं. शिवाय ५४ इंची कापडाला उभे जोड येणार, खालची पट्टी मध्ये झोल खाणार आणि स्लायडिंग उघडली की वाऱ्याने ते सगळं शिडासारखं फुगणार.

म्हणून पाच फुटाच्या वर मी एक पीस करत नाही. तिला सांगितलं, करायचंच तर तीन करू, चाळीस-चाळीस इंचाची, आणि मधल्या फटी बरोबर शटर जिथे भेटतात तिथे आणू, म्हणजे फटीतून उजेड न येता ॲल्युमिनियमची उभी पट्टीच दिसेल. तिघांच्या वरच्या पट्ट्या एकाच दोऱ्यावर लावायच्या, प्रत्येकीला दोन ब्रॅकेट, टोकापासून तीन इंचावर. रीळ कुठे येते ते बघूनच ब्रॅकेटची खूण करा, बऱ्याचदा ब्रॅकेट नेमकं रिळावर येतं आणि दोरी घासून तुटते. वर गोळा झालेलं कापड आठ-नऊ इंच जागा खातं, तेव्हा काच मोकळी हवी असेल तर पट्टी तेवढी वर लावा.

आणि घरात लहान मूल असेल तर साखळीचा फास लोंबता ठेवायचा नाही. खाली भिंतीला लावायची क्लिप पाकिटातच असते, बहुतेक फिटिंगवाले ती देऊन टाकतात, लावत नाहीत. ती स्क्रूने लावून साखळी ताणलेली राहील असं बघा. मुलाच्या गळ्यात साखळी अडकून जीव गेल्याच्या घटना परदेशात झालेल्या आहेत, म्हणून तिकडे यासाठी नियम आहेत. पलंग किंवा सोफा त्या टोकाला असेल तर साखळी दुसऱ्या टोकाला मागवा, ऑर्डर देतानाच सांगावं लागतं.

शेवटी काकूंकडे रॉडच राहिला, तोच जुना, तीन उंच पाठीच्या ब्रॅकेटवर. सुनेचं रोमन स्वयंपाकघराच्या साडेतीन फुटी खिडकीला गेलं. लावून झाल्यावर मी पडदे दहा-बारा वेळा जोरात उघडून बंद केले आणि प्रत्येक ब्रॅकेटच्या वरच्या काठाला नख लावून बघितलं. भिंत आणि पट्टीमध्ये नख गेलं तर स्क्रू उचलतोय, म्हणजे गिट्टी धरत नाहीये, तेव्हाच काढून अर्धा इंच बाजूला नवीन भोक पाडायचं. उजव्या टोकाला गेलंच. तिथे भोक विटांच्या सांध्यात आलं होतं. महिन्याने काकूंना फोनवर नखाची परीक्षा परत करायला लावली तर म्हणाल्या, "नख नाही जात, पण तू पाडलेलं जुनं भोक दिसतंय, ते बुजवायला ये."